🧈 *लोणी की तूप? एका चमच्याचा हिशोब*

लोणी विकावं की कढवून तूप विकावं, हे ठरवण्याआधी चमच्यात नेमकं काय असतं ते बघू.

*एक चहाचा चमचा (५ मिली), सपाट भरलेला:*
▪️ लोणी: वजन साधारण ४.७ ग्रॅम, त्यात स्निग्धांश सुमारे ३.८ ग्रॅम
▪️ तूप: वजन साधारण ४.५ ग्रॅम, जवळजवळ सगळाच स्निग्धांश

म्हणजे लोण्याचा चमचा वजनाला किंचित जड, पण त्यात स्निग्धांश कमी. कारण लोण्यात पाणी आणि ताकाचे घट्ट अंश असतात. बाजारातल्या टेबल बटरमध्ये नियमाप्रमाणे किमान ८०% स्निग्धांश आणि जास्तीत जास्त १६% पाणी असतं. तुपात पाणी ०.५% पेक्षा जास्त चालत नाही.

सोपं लक्षात ठेवा: *६ चमचे लोणी = ५ चमचे तूप.* डॉक्टरांनी तेल-तूप मोजून खायला सांगितलं असेल, तर लोण्याऐवजी तूप घेताना चमचा थोडा कमीच भरा.

घरच्या लोण्यात मात्र पाणी किती, हे धुण्यावर आणि पिळण्यावर ठरतं. म्हणून दर ठरवण्याआधी एकदा मोजून बघा.

*मोजायचं कसं?*
१. लोणी थंड पाण्याने धुवा. धुतलेलं पाणी नितळ दिसू लागलं की ताक निघालं समजा. मग दाबून पाणी काढा.
२. ५०० ग्रॅम लोणी जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ठेवा.
३. चडचड आवाज म्हणजे पाणी उडतंय. आवाज थांबला, फेस बारीक झाला आणि तळाची बेरी सोनेरी झाली की लगेच उतरवा. बेरी काळी पडली तर तुपाला करपट वास येतो.
४. गाळून तुपाचं वजन करा.

*उदाहरण:* लोण्याचा दर ४८० रु. किलो धरू. ५०० ग्रॅम लोणी २४० रुपयांचं. त्यातून ३७५ ग्रॅम तूप निघालं, तर एक किलो तुपाला नुसतं लोणीच ६४० रुपयांचं लागलं. लोणी ओलं असेल आणि ३५० ग्रॅमच निघालं, तर तोच आकडा साधारण ६८६ रुपये होतो. गॅस, बरणी आणि मेहनत यावर वेगळी. याच्या खाली तूप विकलं, तर त्यापेक्षा लोणीच विकलेलं बरं.

⚠️ चडचड थांबायच्या आधी उतरवलं तर वजन जास्त भरतं खरं, पण आत राहिलेल्या पाण्यामुळे तूप लवकर खवट होतं आणि गिऱ्हाईक परत येत नाही. बरणी आणि चमचा कोरडाच ठेवा.

लोणी विकत घेणाऱ्यांनीही हाच हिशोब करावा. स्वस्त पण ओलं लोणी शेवटी महागच पडतं.