छातीचे तीन फोटो

गणपत हा मंगळवेढे तालुक्यातील एका गावचा शेतकरी. वय अठ्ठावन्न. सन 2024 च्या फेब्रुवारी महिन्यात त्याला खोकला लागला. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. खोकला काही हटेना.

घरी लेक बाळंतपणाला आली होती. दीड महिन्याचा नातू पाळण्यात होता. पण गणपत पाळण्याजवळ जात नव्हता. का, ते त्याची बायको सखू जाणत होती. सन 2011 मध्ये गणपतला क्षय झाला होता. त्या वेळी त्याने सहा महिने आरोग्य केंद्रात जाऊन, दिवसाआड, ताईंच्या समोर गोळ्या घेतल्या होत्या. तो बरा झाला होता. आता तेच दुखणे उलटले असेल तर? तान्ह्या पोराला क्षयाची बाधा लवकर होते, हे त्याने ऐकले होते.

तालुक्याच्या डॉक्टरांनी छातीचा नवा फोटो काढला, म्हणजे एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, "पंढरपूरला छातीच्या डॉक्टरांना दाखवा. आणि जुने फोटो असतील तर सगळे घेऊन जा."

सखूने जुने फोटो धान्याच्या कणगीमागून काढले. दोन फोटो होते, सुरळी करून सुतळीने बांधलेले. मागच्या वर्षी भंगारवाला ते मागत होता. जुन्या फोटोत थोडी चांदी असते, म्हणून भंगारवाले ते विकत घेतात. पण सखूने दिले नव्हते. गणपत म्हणाला, "दोन कशाला? पहिला नेतो, त्यात रोग हाय. बरं झाल्यावरचा फोटू बघून डॉक्टर काय करनार?"

सखू म्हणाली, "अवं, सगळं आणा म्हनलंय न्हवं? मग सगळं न्या."

तिने सुरळी सोडली. फोटो सपाट करून त्यांच्या कागदी पाकिटांत घातले. नवा फोटोही बरोबर ठेवला. खाली-वर पुठ्ठा लावून सगळे फडक्यात बांधले.

सकाळच्या एस. टी.ला गर्दी होती. गणपतने गाठोडे वरच्या फळीवर ठेवले. शेजारी एका बाईने मेथीच्या ओल्या जुड्यांची पाटी ठेवली. थोड्या वेळाने गणपतच्या खांद्यावर पाण्याचा थेंब पडला. तो दचकून उठला. गाठोडे खाली घेतले. फडके एका कोपऱ्याला भिजले होते. त्याने गाठोडे सोडले आणि फोटो बाहेर काढले. एका फोटोची कड ओली झाली होती. तो धोतराच्या सोग्याने पुसणार, तोच शेजारचा प्रवासी म्हणाला, "पाव्हणं, पुसू नका. मी दवाखान्यात कंपाउंडर होतो. ओल्या फोटोवरचा थर मऊ पडतो. पुसला तर खरवडून निघतो. कडेला धरा आणि वाऱ्यावर वाळू द्या. उन्हात धरू नका."

गणपतने तसे केले. फोटो वाळले. पंढरपूर आले, तशी त्याने घाईने फोटो पाकिटांत घातले आणि तो उतरला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी भिंतीवरची उजेडाची पेटी लावली. तिन्ही फोटो शेजारी शेजारी अडकवले. मग गणपतला जवळ बोलावले.

"हे बघा, काका. फुप्फुसात हवा असते. हवा फोटोत काळी दिसते. हाडे पांढरी दिसतात. फुप्फुसाच्या काळ्या जागी पांढरे दिसले, तर तेथे काहीतरी आहे असे समजायचे. रोग असेल, नाहीतर रोग बरा झाल्यावर राहिलेला वण असेल. पायाला जखम झाली, तर ती भरल्यावर वण राहतो. तसेच हे."

नव्या फोटोत उजवीकडे वर पांढऱ्या रेघा होत्या. जुन्या एका फोटोत तशाच रेघा होत्या. दुसऱ्या जुन्या फोटोत मात्र ढगासारखा मोठा पांढरा डाग होता आणि त्याच्या मध्ये पोकळी होती.

बाईंनी पाकिटे पाहिली. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पाकिटावर लिहिले आहे की, रेघांचा फोटो गोळ्या सुरू होण्याआधीचा आणि ढगाचा फोटो गोळ्या संपल्यावरचा. असे असेल तर औषधाने रोग वाढला म्हणायचा!"

गणपतच्या पोटात गोळा आला. मग त्याला एस. टी.तली घाई आठवली. "बाई, वाटेत मी फोटू भाईर काढलं हुतं. पाकिटं बदलली असतील."

"मग पाकिटावर जाऊ नका. फोटोवर वाचा. कोपऱ्यात बघा."

गणपत रात्रीच्या वर्गात वाचायला शिकला होता. आकडे त्याला येत होते. त्याने ढगाच्या फोटोचा कोपरा पाहिला. आकडे बारीक होते. तो सावकाश वाचू लागला, "14, 6, 2011." मग रेघांचा फोटो. "20, 12, 2011."

"म्हणजे ढग जूनमधला. रेघा डिसेंबरमधल्या, गोळ्या संपल्यावरच्या. आणि आजच्या फोटोत त्याच रेघा आहेत. बारा वर्षांत वाढल्या नाहीत. हा जुना वण आहे, काका. डिसेंबरचा फोटो नसता, तर हा डाग जुना की नवा, हे मला सांगता आले नसते."

गणपतने मोठा श्वास घेतला. "मग क्षय न्हाई?"

"थांबा. फोटोत जंतू दिसत नाहीत. एकदा क्षय झालेल्या माणसाला पुन्हा होऊ शकतो. म्हणून थुंकी तपासायचीच. सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात. खोल खोकून बेडका काढा, नुसती लाळ नको. एक नमुना आज द्या, एक उद्या पहाटेचा. उत्तर येईपर्यंत बाळापासून दूर राहा. खोकताना तोंडावर फडके धरा."

चौथ्या दिवशी उत्तर आले. थुंकीत क्षयाचे जंतू नव्हते. खोकला विडीचा आणि ज्वारीच्या मळणीतील धुळीचा निघाला. बाईंनी औषध दिले, विडी सोडायला सांगितली आणि खोकला राहिला तर पुन्हा यायला सांगितले.

त्या संध्याकाळी गणपतने नातवाला मांडीवर घेतले. सखूने तिन्ही फोटो योग्य पाकिटांत घातले आणि कोरड्या पेटीत सपाट ठेवले. प्रत्येक पाकिटावर गणपतने स्वतःच्या हाताने नाव आणि तारीख लिहिली.

लक्षात ठेवा

1. जुने फोटो विकू नका, फेकू नका. बरे झाल्यानंतरचा फोटोही जपा.
2. फोटो घडी करू नका, सुरळी करू नका. पाण्यापासून व उन्हापासून दूर ठेवा.
3. फोटो कडेला धरा. ओला झाला तर पुसू नका.
4. पाकिटावरची आणि फोटोवरची तारीख एकच आहे का, ते पाहा.
5. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर थुंकी तपासून घ्या.

प्रश्न

1. गणपत नातवाजवळ का जात नव्हता?
2. पाकिटे कशी बदलली? खरा क्रम कशावरून कळला?
3. फोटो पाहूनही बाईंनी थुंकी तपासायला का सांगितले?
4. आपल्या घरी कोणाचा जुना फोटो असेल, तर त्यावरची तारीख वाचा व वहीत लिहा.