पंच्याण्णव टक्के कशाचे?

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत माझ्या एका विद्यार्थिनीच्या बरोबर उत्तरावर लाल फुली बसली. बाहेरून आलेले परीक्षक ऐकायलाच तयार नव्हते. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

गणित सोपं होतं. दुधाच्या 64 पिशव्या, सरासरी 498 मिली, प्रमाण विचलन 8 मिली. 8 ला 64 च्या वर्गमुळाने भागलं की प्रमाण त्रुटी 1 येते. म्हणून 95 टक्के विश्वास अंतराल 498 ± 1.96, म्हणजे 496.04 ते 499.96 मिली.

मुलीनं लिहिलं होतं, ‘असे नमुने पुनःपुन्हा घेऊन दर वेळी अंतराल काढला, तर सुमारे 95 टक्के अंतरालांत खरी सरासरी सापडेल.’ परीक्षकांच्या कागदावरचं आदर्श उत्तर वेगळं होतं: ‘खरी सरासरी 496.04 ते 499.96 यांच्यात असण्याची संभाव्यता 0.95.’ मी विचारलं, “सर, यात यादृच्छिक काय आहे?” ते म्हणाले, “मॅडम, दोन्ही एकच. सगळे असंच लिहितात.”

एकच नाही. खरी सरासरी अज्ञात असली तरी स्थिर आहे. नमुन्यागणिक बदलतात ती अंतरालाची टोकं. नमुना हाती आला की टोकंही ठरतात. मग खरी सरासरी त्यांच्यात असते किंवा नसते. समजा, दुसऱ्या गटाला त्याच पिशव्यांच्या नव्या नमुन्यात 500.04 ते 503.96 मिळालं. असं क्वचित होतं, पण होतं. हे दोन अंतराल एकमेकांना शिवतही नाहीत. दोन्हींना 0.95 संभाव्यता दिली तर बेरीज 1.90 होते! नेमन यांनी 1937 मध्ये विश्वास अंतरालाची कल्पना सविस्तर मांडली तेव्हाच 95 टक्के हा पद्धतीचा गुण होता, एका उत्तराचा नव्हे.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते पुढचं. ‘95 टक्के पिशव्यांत 496.04 ते 499.96 मिली दूध आहे’ असं लिहिणाऱ्याला अर्धे गुण मिळाले. एकेका पिशवीचा पसारा 8 मिलीवरून काढायचा असतो, 1 वरून नाही. वितरण प्रसामान्य असेल, तर 95 टक्के पिशव्या साधारण 482 ते 514 मिलीच्या असतील.

विद्यार्थ्यांनो, उत्तरात तीन गोष्टी लिहा: कोणत्या समष्टीची सरासरी, एकक कोणतं आणि ‘वारंवार नमुने घेतल्यास’ हे शब्द. ‘संभाव्यता’ हा शब्द काढलेल्या आकड्यांना चिकटवू नका. तसं म्हणायचंच असेल तर बेजची पद्धत वापरावी लागते आणि त्यासाठी आधीचं वितरण गृहीत धरावं लागतं. व्याख्या घोकू नका, समजून घ्या.

आणि परीक्षकांनो, आदर्श उत्तर छापण्याआधी एकदा तपासा. चुकीच्या उत्तराला गुण आणि बरोबर उत्तराला फुली, हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे.