दिलेल्या मालाच्या थकलेल्या पैशाविषयी व्यापाऱ्यास लिहावयाचे पत्र

द्राक्षाचा माल बागेतच विकण्याची चाल नाशिक भागात सर्वत्र आहे. व्यापारी किंवा त्याचा दलाल बाग पाहून भाव ठरवितो, थोडा इसार देतो, त्याचीच टोळी येऊन घड काढते, आणि माल क्रेटमध्ये भरून गाडी निघून जाते. पैसे मात्र मागाहून यावयाचे असतात. ते ठरल्या वेळी आले नाहीत की शेतकरी दूरध्वनी करू लागतो. पहिल्या दोन वेळा गोड उत्तर मिळते, पुढे दूरध्वनी उचलला जात नाही, आणि दोन-तीन महिन्यांनी कोणी, किती, कधी कबूल केले यापैकी काहीही कागदावर नसते.

माल बाजार समितीच्या आवारात विकला असेल तर व्यापाऱ्याकडे समितीचा परवाना असतो आणि समितीच्या सचिवांकडे तक्रार करता येते. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळे व भाजीपाल्याची आवाराबाहेरील विक्री समितीच्या नियंत्रणातून मोकळी झाली. शेतमालाचे पैसे त्याच दिवशी, किंवा फार तर कामकाजाच्या तीन दिवसांत द्यावेत अशी तरतूद २०२० च्या केंद्रीय कायद्यात होती. पण तो कायदा २०२१ मध्ये रद्द झाला. सबब बागेतील सौद्यात शेतकऱ्याच्या हाती राहते ती मुख्यतः त्याची कागदपत्रे, आणि त्यांत व्यापाऱ्यास वेळेवर लिहिलेल्या पत्राचे स्थान मोठे आहे.

उदाहरणादाखल दिंडोरी तालुक्यातील पाऊण एकर बागेचा एक सौदा घेऊ. भाव किलोस ३६ रुपये ठरला. शेवटची गाडी भरल्यापासून आठ दिवसांत सर्व पैसे द्यावयाचे असे दलालादेखत तोंडी ठरले. ६, ८ आणि ११ मार्च २०२५ रोजी तीन गाड्या गेल्या. पहिल्या गाडीत १५८ क्रेट होते. क्रेटसह वजन ३,१५६ किलो भरले, रिकाम्या क्रेटचे प्रत्येकी २ किलोप्रमाणे ३१६ किलो वजा गेले आणि निव्वळ माल २,८४० किलो राहिला. दुसऱ्या गाडीत ३,११५ किलो व तिसरीत १,९४५ किलो निव्वळ माल गेला. एकूण ७,९०० किलोचे २,८४,४०० रुपये झाले. इसाराचे ३०,००० रुपये रोख मिळाले होते, आणि २२ मार्च रोजी ७५,००० रुपये बँकेत जमा झाले. राहिलेली बाकी १,७९,४०० रुपये. इकडे सोसायटीच्या पीककर्जाची मुदत संपत आलेली, आणि मुदत चुकली की वेळेवर फेडणाऱ्यास मिळणारी व्याजाची सवलत जाणार, अशी त्या शेतकऱ्याची स्थिती.

व्यापारी दूरध्वनीवर सांगू लागला की, माल उतरविताना मणी गळालेले होते, तेव्हा ४०० किलो तूट धरा. शिवाय तिकडचा बाजार पडला आहे, म्हणून भाव ३४ रुपये लावा. हा हिशेब वरवर किरकोळ वाटतो. परंतु ७,५०० किलोस ३४ रुपयांप्रमाणे २,५५,००० रुपये होतात, आणि त्यांतून दिलेले १,०५,००० वजा केले की बाकी दीड लाखच उरते. दोन लहान वाटणाऱ्या गोष्टींत २९,४०० रुपये गेले.

अशा वेळी शेतकरी जे पत्र लिहितात त्यांत बहुधा अडचणींचे वर्णन फार असते आणि हिशेब एका ओळीत असतो. ‘माझे पैसे लवकर पाठवावेत’ एवढ्या मजकुरावरून कोणत्या मालाचे, कोणत्या दिवसाचे, किती पैसे हे त्रयस्थास काहीच कळत नाही. पत्र व्यापाऱ्यास लिहिलेले असले तरी पुढेमागे ते न्यायाधीशाने वाचावयाचे आहे असे धरूनच लिहावे. वरील सौद्यापुरता त्याचा मजकूर पुढीलप्रमाणे असावा :

‘दि. २ एप्रिल २०२५. श्री. ……, मालक, …… फळ कंपनी, यांस सप्रेम नमस्कार वि. वि. आपण माझ्या गट क्रमांक …… मधील द्राक्षबाग स्वतः पाहून किलोस ३६ रुपये भावाने माल घेतला. आपल्याच टोळीने माल निवडून, काढून व भरून दि. ६, ८ व ११ मार्च २०२५ रोजी अनुक्रमे २,८४०, ३,११५ व १,९४५ किलो, एकूण ७,९०० किलो निव्वळ माल आपल्या गाड्यांतून नेला. काटाचिठ्ठ्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मालाची किंमत रु. २,८४,४०० होते. त्यांपैकी इसार रु. ३०,००० रोख व दि. २२ मार्च रोजी बँकेत रु. ७५,००० मिळाले. शेवटची गाडी भरल्यापासून आठ दिवसांत, म्हणजे दि. १९ मार्चपर्यंत, सर्व पैसे द्यावयाचे ठरले होते. बाकी रु. १,७९,४०० अद्याप येणे आहे. माल भरतेवेळी आपण वा आपल्या माणसांनी मालाविषयी कोणतीही तक्रार केली नाही. दूरध्वनीवर आपण सांगितलेली तूट व भावातील कपात मला मान्य नाही. तरी वरील बाकी दि. १२ एप्रिलपर्यंत माझ्या खाते क्रमांक …… मध्ये जमा करावी. हिशेबाविषयी काही म्हणणे असल्यास ते त्याच मुदतीत लेखी कळवावे. सोबतच्या उत्तरपट्टीवर सही करून पाठविल्यास उपकार होतील. कळावे, लोभ असावा ही विनंती.’

या पत्रातील प्रत्येक वाक्य काही कारणाने घातलेले आहे. टोळी व्यापाऱ्याची होती आणि माल त्याने बागेत पाहिला होता हे तुटीच्या तक्रारीस उत्तर आहे. माल ताब्यात घेऊन पुढे विकल्यावर खरेदीदाराने तो स्वीकारला असे १९३० च्या मालविक्री कायद्यान्वये धरले जाते. त्यानंतर माल खराब होता म्हणून तो फार तर नुकसानभरपाई मागू शकतो, आणि ते नुकसान त्यानेच सिद्ध करावयाचे असते. बाजार पडला हे तर ठरलेला भाव कमी करण्यास कारणच होत नाही. व्याजाचा दर सौद्यात ठरला नसेल तर पत्रात मनाने चोवीस टक्के व्याज लावू नये. योग्य व्याज देवविण्याचा अधिकार न्यायालयास आहे, आणि फुगवलेली मागणी खऱ्या मागणीचाही भार कमी करते.

पत्रातील सर्वांत उपयोगाचा भाग म्हणजे उत्तरपट्टी. ती निराळ्या अर्ध्या कागदावर शेतकऱ्यानेच लिहून द्यावी : ‘दि. २ एप्रिल २०२५ चे पत्रातील हिशेब पाहिला. …… यांचे रु. …… माझेकडून देणे आहे. ते दि. …… पर्यंत देईन. सही, शिक्का, तारीख.’ हिचे कारण मुदतीच्या कायद्यात आहे. विकून ताब्यात दिलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा करण्यास १९६३ च्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांची मुदत असते. उधारीची ठरावीक मुदत असल्यास ती संपल्यापासून, नसल्यास माल दिल्यापासून ही तीन वर्षे मोजतात. प्रस्तुत सौद्यात आठ दिवसांचा वायदा तोंडीच होता व व्यापारी तो नाकारू शकतो. म्हणून पहिल्या गाडीपासून मोजून ५ मार्च २०२८ हीच शेवटची तारीख समजणे सुरक्षित.

येथे पुष्कळांचा गैरसमज होतो तो असा की, आपण दर सहा महिन्यांनी पत्र लिहीत राहिलो म्हणजे मुदत वाढत जाते. तसे नाही. शेतकऱ्याने शंभर पत्रे लिहिली तरी मुदत एका दिवसानेही वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने स्वतः लिहून व सही करून देणे कबूल केले, तरच त्या दिवसापासून नवी तीन वर्षे सुरू होतात. विशेष हे की, त्या कबुलीत नेमकी रक्कम नसली, किंवा ‘आता देत नाही’ असे लिहिले असले, तरी देणे असल्याचे मान्य झाले म्हणजे कायद्यास ते पुरेसे असते. यास्तव ‘तूट जाता दीड लाख देणे निघते’ असे व्यापाऱ्याने सहीनिशी लिहून दिल्यास रागाने तो कागद फाडू नये. तो जपून ठेवावा आणि उरलेल्या २९,४०० रुपयांबद्दल आपला विरोध उलटटपाली कळवावा.

काही रक्कम आली तर तीविषयीही सावध असावे. पैसे देताना व्यापारी ‘हिशेब पूर्ण मिळाला’ अशा पावतीवर सही मागतो. तेथे ‘बाकीपोटी मिळाले’ एवढेच लिहून उरलेला आकडा घालावा. बँकेत पैसे जमा झाल्याची नोंद उपयोगी असते, पण मुदत वाढण्यास देणाऱ्याच्या हातचा वा सहीचा कागद लागतो. म्हणून नुसत्या नोंदीवर विसंबू नये. धनादेश मिळाला व तो न वटता परत आला तर हे साधे पत्र पुरत नाही. बँकेने कळविल्यापासून ३० दिवसांच्या आत रकमेची मागणी करणारी लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न आल्यास पुढील एक महिन्यात फौजदारी न्यायालयात तक्रार करावयाची असते. या तारखा चुकल्या तर हा मार्ग बहुधा बंद होतो. सबब धनादेश परत आला की त्याच आठवड्यात वकील गाठावा.

पत्र दलालाच्या नावे न लिहिता ज्याने माल घेतला त्या पेढीच्या नावे लिहावे व दलालास प्रत द्यावी, कारण भाव व वायदा ज्याच्यादेखत ठरला तो साक्षीदार तोच होय. पूर्वी अशी पत्रे रजिस्टर टपालाने जात. २०२५ मध्ये ती सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. म्हणून स्पीड पोस्टाने पाठवून पोच मिळण्याची सोय टपाल कार्यालयात मागून घ्यावी. पत्राची सही केलेली प्रत, टपालाची पावती आणि पोच एकत्र टाचून ठेवावी. त्याच मजकुराचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून पाठविण्यास हरकत नाही, आणि तेथे आलेले उत्तर पुसू नये. परंतु सहीच्या कागदाइतके ते निर्विवाद नसते.

मुदतीत उत्तर न आल्यास आठ-दहा दिवसांनी पहिल्या पत्राचा उल्लेख करून दुसरे, अगदी लहान पत्र द्यावे. त्यानंतर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. दावा दाखल करण्यापूर्वीही लोकअदालतीत तडजोडीचा प्रयत्न करता येतो. व्यापारी परराज्यातील असला तरी माल जेथे ताब्यात दिला तेथील न्यायालयात दावा करता येतो, ही गोष्ट अनेकांस ठाऊक नसल्याने ते अंतर पाहूनच पैसे सोडून देतात.

ग्रामसेवकांनी व कृषी सहायकांनी पत्र लिहून देताना प्रथम काटाचिठ्ठ्या मागवाव्यात. चिठ्ठीवर गाडीचा क्रमांक, तारीख व क्रेटचे वजन वजा केल्याची नोंद आहे की नाही हे पाहावे. चिठ्ठी नसेल तर टोळीतील माणसे, गाडीचालक आणि काट्याच्या नोंदवहीतून वजन मिळते का याचा शोध तत्काळ घ्यावा. हंगाम उलटल्यावर टोळ्या पांगतात आणि काटेवाल्याच्या जुन्या वह्याही सापडेनाशा होतात.