गेलेली फाइल आणि ती जुनी ड्राइव्ह

मनू, आधी रडणं थांबव आणि मला एक सांग. तू शिफ्ट-डिलीट केलेलं प्रबंधाचं तिसरं प्रकरण डॉक्युमेंट्समध्येच होतं ना? आणि दिवाळीआधी लॅपटॉपला जी काळी ड्राइव्ह लावलेली असायची, तिच्यावर फाइल हिस्टरी चालू केली होतीस ना? दोन्ही उत्तरं 'हो' असतील तर काळजीचं फारसं कारण नाही. ड्राइव्ह नुसती लावून ठेवल्यानं काही होत नाही गं, फाइल हिस्टरी आपण स्वतः चालू करावी लागते. शिवाय ती डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स अशा ठरावीक फोल्डरांचीच प्रत घेते. डी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करून ठेवलेलं काही आपण त्यात मुद्दाम जोडलेलं नसेल, तर ते तिथे सापडायचं नाही.

आता ड्राइव्ह लाव. विंडोजनं ती फॉरमॅट करायची का असं विचारलं, तर मुकाट्यानं `Cancel` दाब. मग कंट्रोल पॅनलमध्ये `File History` उघड. तुझी ड्राइव्ह तिथे दिसत असेल तर `Run now` दाबून थोडा वेळ थांब. ड्राइव्ह काढलेली असली तरी फाइल हिस्टरी चालू असेल, तर ती लॅपटॉपवरच्या थोड्या जागेत प्रती साठवत राहते आणि ड्राइव्ह परत लागली की त्या तिच्यावर हलवते. म्हणजे दिवाळीनंतर लिहिलेल्यातलंही काही हाती लागू शकतं. पण `Clean up versions` असं दिसलं तर तिकडे फिरकूसुद्धा नकोस, जुन्या प्रती पुसण्यासाठीच ते आहे.

मग त्याच पानावर डावीकडे `Restore personal files` दाब आणि डॉक्युमेंट्स उघड. बहुतेक जणी घाबरतात ते इथेच. समोर अगदी ताजा दिवस उघडतो, आणि त्या दिवशी तुझी फाइल आधीच गेलेली असल्यामुळे ती दिसत नाही. म्हणून लगेच खिडकी बंद करू नकोस. खाली मधोमध हिरवं गोल बटण आहे, त्याच्या डावीकडचा बाण दाबत एकेक तारीख मागे जा. वर तारीख आणि वेळ बदलत जाते. जिथे `prakaran-3.docx` पुन्हा दिसेल, तिथे थांब आणि फाइलवर दोनदा क्लिक करून आत डोकाव. मजकूर अर्धवट वाटला तर आणखी एक तारीख मागे जाऊन बघ.

मनासारखी प्रत मिळाली की हिरवं बटण दाबलंस तर ती मूळ जागीच येते. पण तू आठवेल तसं पुन्हा लिहायला बसली असशील आणि नव्या फाइललाही तेच नाव दिलं असशील, तर वर उजवीकडच्या चाकावर क्लिक करून `Restore to` निवड आणि वेगळ्या फोल्डरात उतरव. नाहीतर विंडोज जुनी ठेवू की नवी असं विचारेल आणि तू घाईत भलतंच दाबशील. मी ओळखते तुला.

आता लॅपटॉपच नवा असेल किंवा विंडोज नव्यानं टाकलं असेल, तर ही ड्राइव्ह त्याच्या ओळखीची नसते. अशा वेळी ड्राइव्ह सरळ एक्सप्लोररमध्ये उघड. `FileHistory` फोल्डरात तुझं नाव, मग संगणकाचं नाव, मग `Data` अशी वाट आहे. तिथे `prakaran-3` शोध. नावं अशी दिसतील:

```
prakaran-3 (2024_11_06 08_40_15 UTC).docx
```

ही वेळ आपल्या घड्याळाची नाही हं. तिच्यात साडेपाच तास मिळव, म्हणजे ही दुपारी दोन वाजून दहा मिनिटांची प्रत. तारखा बघून हवी ती कॉपी करून लॅपटॉपवर घे आणि नाव तिथेच बदल. ड्राइव्हवरच्या फाइलचं नाव बदलू नकोस, तिथून कट-पेस्टही करू नकोस.

एक मात्र स्पष्ट सांगते. फाइल हिस्टरी सहसा तासातासानं प्रत घेते. दहा वाजता प्रत झाली, सव्वादहाला नवी फाइल केलीस आणि पावणेअकराला उडवलीस, तर ती तिच्यात कधी गेलीच नाही. तिथे कितीही बाण दाबलेस तरी हाती काही लागायचं नाही.

सगळं मिळालं की `Files last copied on` या ओळीपुढे कुठली तारीख आहे ते बघ. ती आजची असेल तरच ड्राइव्ह काढ. आणि प्रबंध हातावेगळा होईपर्यंत रोज लिहून झालं की ड्राइव्ह लावायची आणि ती ओळ बघायची, एवढं माझं ऐक.