तुरीचा पेरा आणि महागाईचा अंदाज





उद्याच्या भावाचा अंदाज माणूस कसा बांधतो, याची अर्थशास्त्रात दोन उत्तरे आहेत. पहिले अनुकूली अपेक्षांचे: अंदाज मागच्या अनुभवावर बांधायचा आणि चुकला की थोडा थोडा दुरुस्त करायचा. वऱ्हाडातली तूर हे त्याचे ठळक उदाहरण. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या आसपास गेली. तो भाव पाहून २०१६ च्या खरिपात पेरा वाढला, पाऊसही बरा झाला आणि २०१७ च्या सुरुवातीला तूर ५,०५० रुपये क्विंटल या हमीभावाच्याही खाली विकली गेली.

जॉन मुथ यांनी १९६१ मध्ये दुसरे उत्तर मांडले, तेही शेतमालाच्या भावांच्याच संदर्भात. चढा भाव पाहून सगळेच पेरा वाढवणार, हे ज्याला कळते तो कालचा भाव उद्यासाठी धरत नाही. हाती असलेली सारी माहिती, सरकारी धोरणाची रीतसुद्धा, वापरून केलेला अंदाज म्हणजे तर्कसंगत अपेक्षा. असा अंदाजही चुकतो. पण वर्षानुवर्षे एकाच बाजूला चुकत नाही.

धोरणाला याचा फटका कसा बसतो, ते एका काल्पनिक जिनिंगवर पाहता येते. तिथे एरवी हंगामात १,००० गाठी बांधल्या जातात. मजुरी अपेक्षित महागाई धरून ठरते. रुईचा भाव त्याहून जास्त चढला तर मालकाला नफा दिसतो आणि पाळी वाढते. दर एक टक्का अनपेक्षित महागाईमागे १० गाठी जास्त, असे धरू:

गाठी = १,००० + १० × (प्रत्यक्ष महागाई − अपेक्षित महागाई)

महागाई ४ टक्के असताना रिझर्व्ह बँकेने पैसा सैल करून ती ८ टक्क्यांवर नेली आणि तिथेच ठेवली, असे समजा. अनुकूली अपेक्षेत लोक दरवर्षी निम्मी चूक सुधारत असतील, तर अपेक्षा अनुक्रमे ४, ६, ७ टक्के आणि गाठी १,०४०, १,०२०, १,०१० होतात. फायदा विरत जातो, पण काही वर्षे मिळतो. आता हेच धोरण आधी जाहीर झाले आणि लोकांनी ते खरे मानले, तर मजुरी पहिल्याच वर्षी ८ टक्क्यांनी वाढवून मागितली जाते. फरक शून्य, गाठी १,०००. वाढतात ते फक्त भाव. महागाई अचानक ९ टक्के झाली, तरच १० गाठी वाढतील. सार्जंट आणि वॉलेस यांनी १९७५ मध्ये मांडलेला निष्कर्ष हाच.

त्याला मर्यादा आहे, आणि परीक्षेत नेमकी तीच सुटते. मजुरीचा करार दोन हंगामांसाठी आधीच झालेला असेल, तर धोरण कळूनही मजूर दर बदलू शकत नाही आणि गाठी वाढतात. घोषणेवर विश्वासच नसेल, तरी हिशेब बदलतो. २०१६ पासून महागाईचे लक्ष्य ४ टक्के, दोन टक्के इकडेतिकडे, असे जाहीर असते. त्याचा जोर लोकांच्या विश्वासावरच उभा आहे. म्हणून असे उदाहरण सोडवताना धोरण कोणाला कळले आणि करार केव्हा झाला, हे आधी लिहावे, सूत्र नंतर.