बोअरच्या पाण्यावर गिझर बसवताय? मॅन्युअलची ही पानं आधी वाचा

लातूर किंवा नांदेडमध्ये नवा गिझर घेतला की खोक्यातलं मॅन्युअल सहसा थेट कपाटात जातं. फिटिंगवाला येतो, भिंतीला भोकं पाडतो आणि तासाभरात निघून जातो. खर्च मात्र नंतर समोर येतो. वर्ष-दोन वर्षांनी कॉइल जळते, टाकी गळते, आणि तंत्रज्ञ सांगतो, ‘पाणी जड आहे, हे वॉरंटीत बसत नाही.’ ते वाक्य मॅन्युअलमध्ये आधीपासून छापलेलं असतं. म्हणून फिटिंगवाल्याला फोन करण्याआधी अर्धा तास काढा आणि खालच्या क्रमाने वाचा. उदाहरणादाखल १५ लिटरचा, २००० वॅटचा साठवण गिझर, दुमजली घर, गच्चीवर टाकी आणि बोअरचं किंवा टँकरचं पाणी असं धरलं आहे.

सुरुवात शेवटच्या पानापासून

आधी वॉरंटीचं पान उघडा. त्यात तीन वेगवेगळ्या मुदती असतात: पूर्ण गिझरची, कॉइलची आणि आतल्या टाकीची. दुकानदार मोठ्याने सांगतो ती टाकीची मुदत, कारण ती सगळ्यात लांब असते. थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह, वायर यांना लागू होते ती पहिली, म्हणजे सगळ्यात छोटी मुदत. तिन्ही आकडे पेन्सिलने अधोरेखित करा.

मग वॉरंटीत काय बसत नाही, ती यादी वाचा. आपल्या भागासाठी तिच्यातली दोन वाक्यं महत्त्वाची आहेत. एक, पाण्याच्या जडपणाची किंवा टीडीएसची मर्यादा. ती प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि काही कंपन्या जड पाण्यासाठी वेगळ्या कॉइलचं मॉडेल देतात. दोन, अॅनोड रॉड वेळेवर बदलण्याची अट. हा मॅग्नेशियमचा दांडा टाकीच्या आत असतो. टाकीऐवजी तो स्वतः झिजतो, म्हणून टाकी गंजत नाही. क्षार जास्त असले की तो लवकर संपतो. टाकीची वॉरंटी बहुधा या दांड्यावर अवलंबून असते, आणि दांडा मात्र वॉरंटीत धरलेला नसतो.

शक्य असेल तर हे पान दुकानातच वाचा. गिझर घरी आला असेल, तर निदान खोकं फोडण्याआधी वाचा.

तुमच्या पाण्याचा आकडा मिळवा

मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहायला तुमच्याकडे आकडा हवा. बाजारात काहीशे रुपयांना मिळणारा टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार सांगतो, जडपणा वेगळा सांगत नाही. कॉइलवर पांढरा थर बसवतो तो जडपणा. त्यासाठी पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा: नमुना कुठे द्यायचा, कोणत्या बाटलीत, शुल्क किती, अहवाल कधी. बोअर थोडा वेळ चालवून मग बाटली भरा. टँकरचं पाणी दरवेळी वेगळ्या विहिरीचं असू शकतं, त्यामुळे एका अहवालावर विसंबू नका.

अंदाजासाठी पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक घ्या: जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. पिण्याला चालणारं पाणी गिझरलाही चालेल असं समजू नका. अहवालातला आकडा मॅन्युअलच्या मर्यादेपुढे असेल तर दुसरं मॉडेल घ्या, किंवा गिझरला नळाचं पाणी मिळेल अशी वेगळी लाइन घ्या. दोन्ही जमत नसेल तर वर्षाला एक साफसफाई खर्चात धरून चला.

सुरक्षेच्या सूचना: चारच लिहून घ्या

पहिल्या पानांवर वीस-पंचवीस सूचना असतात. त्यातल्या या चार एका कागदावर लिहा आणि गिझरच्या स्विचजवळ लावा.

टाकी भरल्याशिवाय स्विच लावायचा नाही. जिथे नळाला रोज पाणी येत नाही, तिथे ही सूचना सगळ्यात आधी. बसवल्यावर गरम पाण्याचा नळ उघडा, हवा निघून अखंड धार लागली की मगच स्विच लावा. गच्चीवरची टाकी कोरडी पडली किंवा साफ केली, तर हेच पुन्हा करा. पाण्याबाहेर तापलेली कॉइल जळते, आणि हे वॉरंटीत येत नाही.

अर्थिंग तपासल्याशिवाय प्लग लावायचा नाही. २००० वॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचं तीन पिनांचं सॉकेट, स्वतंत्र वायर आणि एमसीबी हवा. एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही. इलेक्ट्रिशियनला मीटर लावून अर्थिंग दाखवायला सांगा. जुन्या घरात तिसऱ्या भोकामागे कधी कधी वायरच नसते. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल, तर हा खर्च टाळू नका.

सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड बंद करायचं नाही. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे पाव लिटरने फुगतं. हे जादा पाणी थंड बाजूच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडतं. मॅन्युअलमध्ये ‘हे सामान्य आहे’ असं लिहिलेलं असतं. घरात मात्र गळती समजून प्लंबरला बोलावलं जातं, तो तिथे बूच मारतो आणि टाकीतला दाब अडकतो. तिथे बूच नको, छोटी नळी जोडून ती न्हाणीत सोडा. गिझर बंद असतानाही धार लागत असेल तर मात्र व्हॉल्व्ह खराब आहे.

झाकण स्वतः उघडायचं नाही, आणि उघडणाऱ्याने आधी मेन स्विच बंद करायचा.

बसवताना समोर उभे राहा

फिटिंगवाला मॅन्युअल पाहत नाही, ते तुम्ही हातात धरा. निळी खूण थंड पाण्याची, लाल खूण गरम पाण्याची. सेफ्टी व्हॉल्व्ह थंड बाजूला, त्यावरचा बाण गिझरकडे. व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्यामध्ये दुसरा कॉक नको. भिंत विटेची की पोकळ ब्लॉकची, त्याप्रमाणे अँकर बोल्ट. वजन धरताना गिझरच्या वजनात १५ किलो पाणी मिळवा.

दाबाचा आकडाही इथेच असतो. ‘८ बार’ म्हणजे गिझर सोसू शकतो तो दाब, त्याला लागतो तो नव्हे. गच्चीवरच्या टाकीची उंची दर मीटरला ०.१ बार देते. वरच्या मजल्यावर टाकी जेमतेम दोन मीटर उंच असेल तर धार बारीकच येणार, तो गिझरचा दोष नाही.

आता पैसे. ‘फिटिंग फ्री’ म्हणजे बहुतेक वेळा फक्त मजुरी. दोन लवचिक पाइप, कॉक, बोल्ट, प्लंबिंगचं वाढीव काम यांचे पैसे वेगळे. जोडीचे पाइप बाहेर साधारण २०० ते ५०० रुपयांना मिळतात, त्यामुळे भाव आधीच विचारा. वॉरंटी टिकवायला कंपनीचाच माणूस हवा का, हेही मॅन्युअलमध्ये असतं. काम झाल्यावर तारीख आणि सही असलेली जॉब शीट मागा.

बिघाडाचा तक्ता: काय तुमचं, काय तंत्रज्ञाचं

दिवा लागत नाही: एमसीबी आणि सॉकेट पाहा, मगच फोन करा. नाहीतर फक्त स्विच लावून देण्याचे भेट शुल्क भराल.

पाणी कोमट येतं: थर्मोस्टॅटचं बटण पाहा. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर जायला २००० वॅटला साधारण २१ मिनिटं लागतात. बसवल्याच्या दिवशी दिवा किती मिनिटांत विझतो ते मॅन्युअलवर लिहून ठेवा. पुढे दिवा लवकर विझू लागला आणि पाणीही कमी तापलेलं असेल, तर कॉइलवर क्षाराचा थर असण्याची शक्यता मोठी. थर्मोस्टॅटजवळची उष्णता अडकते आणि तो आधीच वीज तोडतो. तापताना करकर किंवा शिट्टीसारखा आवाज येणं हीसुद्धा त्याचीच खूण.

पाणी तांबूस येतं: गच्चीवरची टाकी आणि पाइप आधी पाहा. थंड पाणी स्वच्छ आणि गरमच तांबूस असेल तर अॅनोड संपला असू शकतो.

वाफ येते, हाताला झिणझिण्या येतात, एमसीबी किंवा आरसीसीबी परत परत पडते: स्विच बंद करा, प्लग काढा, तंत्रज्ञ येईपर्यंत वापरू नका. कटआउटचं बटण दाबून चालवत राहणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय आहे.

जड पाण्यावर वर्षातून एकदा साफसफाई करून घ्या. त्याच वेळी टाकीचं तोंड उघडतं, तेव्हा अॅनोडही पाहून घ्या. तोंड उघडलं की नवं गॅस्केट लागतं. म्हणून फोनवरच चार आकडे विचारा: भेट शुल्क, साफसफाई, अॅनोड, गॅस्केट. वर १८ टक्के जीएसटी. बदललेला दांडा मागून घ्या. आतली तार उघडी पडली असेल तरच तो खरंच संपला होता. थर्मोस्टॅट ५५-६० अंशांवर ठेवला तर थर हळू बसतो.

विजेचं गणितही करून ठेवा. वरच्या हिशेबाने एक टाकी म्हणजे सुमारे ०.७ युनिट. रोज दोन टाक्या धरल्या तर महिन्याला ४२ युनिट. महावितरणच्या बिलातला वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क मिळून तुम्हाला शेवटचं युनिट १० रुपयांना पडत असेल, तर ४२० रुपये.

कागदपत्रं आणि तक्रार

खरेदीचं जीएसटी बिल, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, जॉब शीट, पाणी तपासणीचा अहवाल आणि गिझरवरच्या पट्टीचा फोटो एकत्र ठेवा. पट्टीवर मॉडेल आणि सीरियल नंबर असतो. भिंतीवर चढवल्यावर ती दिसेनाशी होते, म्हणून फोटो आधी काढा. मॅन्युअल हरवलं तर याच मॉडेल नंबरवरून ते कंपनीच्या संकेतस्थळावर शोधता येतं.

कस्टमर केअरचा नंबर मॅन्युअलमधूनच घ्या. इंटरनेटवर शोधलेला पहिला नंबर फसवणाऱ्याचा असू शकतो. आगाऊ पैसे किंवा ओटीपी मागितला, अॅप टाकायला लावलं, तर फोन ठेवा.

वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागा आणि मॅन्युअलमधलं कोणतं वाक्य लागू केलं ते विचारा. समाधान झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. लातूर आणि नांदेड दोन्हीकडे तो आहे. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील बंधनकारक नाही, तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करायची. सोबत मॅन्युअलच्या त्या पानाची प्रत जोडा.