‘विद्यार्थी ऐकतात’ याऐवजी काय?

प्रश्न : सराव पाठाच्या टाचणात ‘विद्यार्थी कृती’खाली ‘ऐकतात’ हेच पुन्हा पुन्हा येते. काय लिहू?
– बी.एड. छात्राध्यापिका, चेणे

उत्तर : प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ या पायऱ्या डावीकडे एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकीपुढे ‘शिक्षक कृती’ आणि ‘विद्यार्थी कृती’ हे दोन्ही रकाने समोरासमोर आखा. बाष्पीभवनाचा पाठ घ्या. विषयविवेचनात शिक्षक कृती : ओल्या फडक्याने फळा पुसून ‘पाणी कुठे गेले?’ विचारणे. त्याच ओळीत मुलांची अपेक्षित उत्तरे, त्यांच्याच शब्दांत : ‘सुकलं’, ‘हवेत गेलं’. ‘फळ्यानं शोषलं’ हे चुकीचे उत्तरही नोंदवाच, कारण तुमचा पुढचा प्रश्न त्यावरूनच ठरतो : मग स्टीलच्या ताटलीवरचे पाणी कुठे जाते? हेतुकथनात मात्र मुले ऐकतातच. तिथे ओढूनताणून कृती लिहू नका.